फँटसी सिरीज दोन दिवसांत संपवणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीला पुढे काय द्यायचं

प्रश्न: माझी मुलगी दहा वर्षांची आहे, पाचवीत, इंग्लिश मीडियम. हॅरी पॉटर सगळे झाले, पर्सी जॅक्सन झाले, विंग्ज ऑफ फायर या ड्रॅगन-सिरीजचे पंधरा भाग संपले. दोन दिवसांत एक पुस्तक फस्त करते आणि लगेच "पुढचं दे". आठवड्याने विचारलं तर धड काही आठवत नाही. फँटसी सोडायला तयार नाही. जरा सकस काही सुचवा, पण बोअर होऊन वाचनच सुटायला नको.

उत्तर:

वेगाची काळजी आधी सोडा. मी बरीच वर्षं मुलांची लायब्ररी सांभाळतेय आणि हा प्रश्न दर सुट्टीत येतोच. ही पुस्तकं पळत वाचण्यासाठीच लिहिलेली असतात. प्रकरणं आटोपशीर, शेवटी कोणीतरी संकटात, पर्सी तर स्वतःच टवाळकी करत गोष्ट सांगतो, त्यामुळे डोळा थांबायचं कारणच नसतं. तुमची मुलगी पुस्तकाने सांगितलं तसंच वाचतेय. तिला "सावकाश वाच" म्हणून काही होणार नाही, तिच्या हातात असं पुस्तक यायला हवं की पळालं तर काहीतरी हातचं जातं आणि ते गेलंय हे तिचं तिला कळतं.

आणि जाड म्हणजे सकस असं नाही हां, इथे बरेच आईबाबा फसतात. पॉटरचं पाचवं पुस्तक अडीच लाख शब्दांच्या वर आहे आणि ते तिने संपवलंय, म्हणून पुढची पायरी लॉर्ड ऑफ द रिंग्ज असं धरतात, तो ठोकळा घरी येतो, मूल पन्नास पानांवर अडकतं आणि "जुनी पुस्तकं बोअर असतात" असा पक्का ग्रह करून घेतं. मी खाली पहिलं सुचवतेय ते साधारण ५६ हजार शब्दांचं आहे, म्हणजे त्या पॉटरच्या पाव भागाहूनही कमी.

त्याआधी एक छोटी तपासणी करा. तिचं आवडतं, वाचून झालेलं पुस्तक घ्या, मधलंच एक पान उघडा आणि "हे मला वाचून दाखव ना" म्हणा, परीक्षा घेतोय असं वाटू देऊ नका. वर्णनाच्या ओळी गाळून ती संवादावर उडी मारते का, आणि नावं पूर्ण वाचते का नुसतं पहिलं अक्षर बघून पुढे सरकते, एवढंच बघायचं. नीट, रंगवून वाचत असेल तर वाचनात काहीच दोष नाही, आठवत नाही कारण त्या पुस्तकात आठवण्यासारखं फार नव्हतं, तिला सरळ पुढचं पुस्तक द्या. पण गाळत असेल (बहुतेक पटापट वाचणारी मुलं गाळतात) तर नव्या पुस्तकाची सुरुवात तुम्ही मोठ्याने वाचून द्यायची. दहा वर्षांच्या मुलीला वाचून दाखवायचं का? हो, दाखवायचं, कारण कानाला ओळ गाळता येत नाही.

आता पुस्तक. उर्सुला ले ग्विनचं 'ए विझर्ड ऑफ अर्थसी', १९६८ चं. हे निवडायचं कारण म्हणजे वरवर बघता हे तिच्याच ओळखीचं सामान आहे: गेड नावाचा गरीब घरातला मुलगा, अंगात जादूची ताकद, जादूची शाळा, शाळेत एक खवचट मुलगा, ड्रॅगन. म्हणजे तिला आपण फँटसी सोडून कुठे आणलंय असं वाटणार नाही. पण आतली जादू वेगळ्या हिशोबाने चालते. पॉटरमध्ये शब्द उच्चारला, कांडी फिरवली की काम होतं, इथे प्रत्येक गोष्टीला एक खरं नाव आहे, ते शिकावं लागतं, आणि जादू केली की त्याचा परिणाम कुठेतरी उमटतोच.

त्या शाळेतला एक प्रसंग बघा. मास्टर हँड नावाचे गुरू आहेत, हातचलाखीची, भासाची जादू शिकवणारे. गेड त्यांना विचारतो की खड्याचा हिरा दिसतो हे ठीक, पण तो हिराच राहील असं कसं करायचं? कुठल्याही दुसऱ्या पुस्तकात इथे एक जबरी मंत्र मिळाला असता. हे गुरू समजावतात की दिसणं बदलणं सोपं, पण खड्याला खरोखर हिरा करायचं तर त्याचं खरं नाव बदलावं लागेल, आणि एवढासा खडा बदलला तरी जग बदलतं, म्हणून काय होईल ते कळल्याशिवाय एक वाळूचा कणसुद्धा बदलू नये, आणि हो, खडा ही पण चांगलीच गोष्ट आहे. प्रसंग जेमतेम पानभराचा. पळणारं मूल हे "लेक्चर" म्हणून ओलांडतं आणि मग एका प्रकरणाने गेड नेमकं काय चुकतो ते त्याला कळतच नाही. परत मागे यावं लागतं. मला हवंय ते हेच.

पुस्तकात दहा प्रकरणं आहेत आणि मूल कुठे अडखळतं हे आता मला बऱ्यापैकी माहितीये. पहिल्या प्रकरणात संवाद फार कमी, गॉन्ट बेट, डोंगर, बकऱ्या, आई लहानपणीच गेलेली, बाप कांस्याचं काम करणारा लोहार. मावशी छप्परावरच्या बकरीला काहीतरी यमक म्हणून बोलावते ते हा पोरगा ऐकतो आणि अर्थ न कळता आपल्या कळपावर म्हणतो, तर सगळ्या बकऱ्या येऊन त्याला अशा चिकटतात की सुटता येत नाही, तसंच रडत गावात यावं लागतं. मजेशीर आहे, पण एकट्याने वाचलं तर सुरुवातीची ती संथ पानं बघूनच मुलं पुस्तक मिटतात. म्हणून पहिली दोन प्रकरणं तुम्ही वाचा, एका प्रकरणाला अर्धा ते पाऊण तास, झोपायच्या आधी. वाचताना पहिल्या पानांवरचा नकाशा उघडा ठेवा, कारण गोष्ट सगळी बेटांवर फिरते आणि पुढे ती मुलगी स्वतःच नकाशावर बोट ठेवून बघायला लागते.

दुसऱ्या प्रकरणात गेड ओगिअन नावाच्या जादूगाराकडे शिकायला जातो आणि ओगिअन काहीच शिकवत नाही! पावसात चालतात, गप्प राहतात. गेड वैतागून विचारतो की माझं शिक्षण सुरू कधी होणार, तर उत्तर येतं की झालंय की सुरू. तुमची मुलगी पण इथे नक्की वैतागणार. वैतागू द्या. "तुला ओगिअन बरोबर वाटतो का गेड?" एवढंच विचारा आणि तिचं उत्तर दुरुस्त करू नका, दहा वर्षांचं मूल गेडच्याच बाजूने असतं आणि असायलाच हवं, नाहीतर पुढचं काम होत नाही. तिसरं प्रकरण शाळेचं, तिथून पुस्तक तिच्या हातात द्या. चौथ्यात त्या खवचट मुलाने, जॅस्परने, चिडवल्यावर गेड फुशारकीत मेलेल्या माणसाला बोलवायचा प्रयत्न करतो आणि त्या फटीतून एक सावली बाहेर पडते, त्याचा चेहरा फाडते, आणि ती फट बुजवताना शाळेचे सर्वात मोठे गुरू जीव गमावतात. चौथं संपेपर्यंत सोबत राहिलेलं मूल सहसा पुस्तक टाकत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, पाचव्या प्रकरणात एका मित्राचं आजारी बाळ वाचवायला गेड जातो आणि ते वाचत नाही. घरात अलीकडे कोणी गेलं असेल तर हे तुम्ही आधी वाचून घ्या. भयानक लिहिलेलं नाहीये, पण सरळ लिहिलंय.

अजून एक गंमत, जी पळताना हमखास निसटते. गेडचा रंग तांबूस तपकिरी आहे, त्याचा मित्र व्हेच चांगला काळा आहे, आणि पहिल्या प्रकरणात गावावर हल्ला करणारे कार्ग लोक गोरे, पिवळ्या केसांचे. लेखिकेने हे मुद्दाम केलं होतं, पण गाजावाजा न करता, मध्येच एखाद्या वाक्यात टाकून दिलंय. आणि २००४ च्या टीव्ही मालिकेत गेड गोरा केला तेव्हा तिने जाहीर नाराजी लिहिली होती. आपली मुलं इंग्लिश फँटसी वाचून वाचून हिरो आपोआप गोराच धरतात. पुस्तक संपल्यावर तिला गेडचं चित्र काढायला सांगा, मग ते वाक्य दोघी मिळून शोधा. आधी सांगू नका प्लीज.

आता बोअर झालंय का संथ पण रंगलंय, हे कसं ओळखायचं? पानं कमी झाली म्हणून घाबरू नका, तेच तर हवं होतं. बुकमार्क तीन दिवस तिथेच आहे आणि मधल्या वेळात दुसरी दोन पुस्तकं संपली, तर ते अडलंय, मग पुढचं एक प्रकरण तुम्ही वाचून द्या, आणि तरीही हललं नाही तर कपाटात ठेवून सहा महिन्यांनी काढा, "अर्धवट सोडायचं नाही" असला नियम इथे लावू नका. याउलट रोज चार-पाच पानंच होतायत पण जेवताना मध्येच "सावलीला नाव असेल का?" असलं काही विचारत असेल तर काहीच करू नका.

आणि हे जरा नीट वाचा, कारण तुमची मुलगी सिरीज पूर्ण करणाऱ्यातली आहे, ती पुढचं मागणारच. दुसरं पुस्तक 'द टूम्ब्स ऑफ अटुआन', त्यात नायिका आहे, अंधाऱ्या भुयारांतली गोष्ट, गेड बऱ्याच उशिरा येतो, अकरा-बाराला छान. तिसरं 'द फार्देस्ट शोअर' मृत्यूबद्दल आहे, ते अजून थोडं पुढे. चौथं 'तेहानू' १९९० मध्ये आलं, त्यात मोठ्यांनी छळ करून जाळलेली एक लहान मुलगी आहे, पुस्तक फार थोर आहे पण ते तुमच्यासाठी, तिच्यासाठी आत्ता नाही. त्यामुळे २०१८ ची ती सगळी पुस्तकं एकत्र असलेली चार्ल्स व्हेसच्या चित्रांची देखणी आवृत्ती वाढदिवसाला घ्यायचा मोह झाला तरी थांबा. पहिलं पुस्तक सुटं घ्या. ते स्वतःत पूर्ण होतं, शेवटी लटकत ठेवत नाही, आणि जिला दर पुस्तकाअंती "पुढे काय" ची सवय लागलीये तिला गोष्ट पूर्ण संपल्याचा अनुभव पण मिळायला हवा ना.

तुमची मुलगी गंभीर पुस्तकाला नाक मुरडणारी, हसरी-खोडकर असेल तर क्रम बदला आणि आधी डायना विन जोन्सचं 'हाऊल्स मूव्हिंग कॅसल' द्या, १९८६ चं. हे ती दोन दिवसांत संपवेलच, संपवू द्या, कारण या पुस्तकाची खरी मजा दुसऱ्या वाचनात आहे. सोफी तीन बहिणींतली थोरली, परीकथेत थोरलीचं कधी भलं होत नाही म्हणून ती आधीच हात टेकून टोप्यांच्या दुकानात बसलीये, आणि एका चेटकिणीच्या शापाने एकदम म्हातारी होते. आता सुरुवातीलाच ती एकटीच बसून टोप्यांशी बोलते, तुला जी घालेल तिचं अमकं होईल, तुला जी घालेल तिचं तमकं होईल, आणि पळणारं मूल याला "बिचारी एकटी आहे" म्हणून सोडून देतं. पण त्या टोप्या घेणाऱ्या बायकांचं पुढे काय होतं ते एखाद्या वाक्यात येऊन जातं, सगळं खरं होत असतं! सोफीच्या अंगात जादू आहे, तिला माहीत नाही, आणि पहिल्यांदा वाचताना आपल्याला पण माहीत नसतं. संपल्यावर फक्त एवढं म्हणा, "सोफीला जादू येत होती हे पहिल्यांदा कुठे कळतं, पान शोधून दाखव." मी बघितलंय, मुलं आधी मधलं कुठलं तरी पान दाखवतात, मग अजून मागे, मग अजून मागे, आणि शेवटी टोप्यांपर्यंत पोचतात. वॉकिंग स्टिकशी बोलणं पण वाटेत सापडतं. मुद्दाम परत वाच असं न सांगता अर्धं पुस्तक परत वाचून होतं.

त्यात एक कविता येते, जॉन डनची, सतराव्या शतकातली, आपल्या जगातल्या एका मुलाचा होमवर्क चुकून त्या जगात जातो आणि तिथले लोक त्याला मंत्र समजतात. तिला कविता कळली नाही तरी चालेल, सोफीला पण नाही कळत. मियाझाकीचा सिनेमा (२००४) सुंदर आहे पण गोष्ट बरीच वेगळी आहे, आधी पुस्तक मग सिनेमा, नाहीतर ती पुस्तकात सिनेमा शोधत बसते.

आता तिसरं, आणि यात तुम्हालाच जास्त मजा येईल. सलमान रश्दींचं 'हारून अँड द सी ऑफ स्टोरीज', १९९० चं, मुलासाठी लिहिलेलं. गोष्टी सांगणारा बाप, बायको सोडून गेल्यावर त्याची गोष्टी सांगायची हातोटीच जाते, आणि मुलगा हारून गोष्टींच्या समुद्रापर्यंत जाऊन ती परत मिळवायला निघतो. घरात आई-वडील वेगळे होण्याचा विषय असेल तर हे आधी लक्षात घ्या, सुरुवात तिथूनच आहे. हे मोठ्याने वाचायचं पुस्तक आहे कारण त्यातली नावं हिंदी-उर्दूतली आहेत, गप, चुप, बातचीत, खत्तम-शुद, आणि परदेशातल्या मुलाला जे अर्थ शेवटी शोधावे लागतात ते आपल्या मुलांना ऐकताक्षणी हसवतात. पॉटर-पर्सीच्या जगात आपण कायम पाहुणे असतो, इथे पहिल्यांदा तिला वाटेल की हा विनोद माझ्यासाठीच केलाय.

आणि या पुस्तकाचा हात धरून मराठीत या. त्यातला तो समुद्र 'कथासरित्सागरा'वरून आलाय, काश्मीरच्या सोमदेवाचं अकराव्या शतकातलं संस्कृत पुस्तक, आणि आपली वेताळ पंचविशी त्याच्याच पोटात आहे. इंग्लिश मीडियमच्या मुलीचं मराठी वाचन दोन-तीन यत्ता मागे असतं, त्यामुळे तिला वाचायला देऊ नका, तुम्ही वाचा किंवा सांगा. रोज रात्री एकच गोष्ट आणि उत्तराच्या आधी थांबायचं. नियम तुम्हाला माहितीच आहे, राजाला उत्तर येत असून गप्प राहिला तर डोक्याची शकलं, आणि बोलला तर मौन मोडलं म्हणून वेताळ परत झाडावर.

उदाहरणार्थ ती तीन तरुणांची गोष्ट घ्या. तिघांना एकाच मुलीशी लग्न करायचंय, ती अचानक मरते. एक तिच्या राखेवर झोपून तिथेच राहतो, एक अस्थी घेऊन गंगेला जातो, एक भटकत भटकत मेलेल्याला उठवायचा मंत्र शिकून येतो. ती जिवंत होते. आता ती कोणाची बायको? इथे पुस्तक मिटायचं आणि लाइट घालवायचा. मुलं जवळपास नेहमी मंत्रवाल्याचं नाव घेतात, काम तर त्यानेच केलं ना. दुसऱ्या दिवशी राजाचं उत्तर सांगा: जीव दिला तो बाप, अस्थी गंगेला नेल्या तो मुलगा, राखेशी राहिला तो नवरा. यावर तुमची मुलगी भांडणार, "आणि तिला कोणी विचारलं का?" असंही म्हणेल कदाचित, आणि तिचं बरोबरच आहे. पुढची गोष्ट मागण्याआधी चोवीस तास एकाच गोष्टीत ती अडकली, हेच तुम्हाला हवं होतं.

पुस्तक निवडताना एवढं बघा की प्रश्न प्रश्नासारखा ठेवलाय. काही बालावृत्त्यांमध्ये गोष्टीची चार वाक्यं करून खाली तात्पर्य चिकटवलेलं असतं, ती घेऊ नका. मूळ गोष्टींत व्यभिचार वगैरे पण आहे, त्यामुळे सगळ्या पंचवीस सांगायलाच हव्यात असं नाही, आदल्या दिवशी चाळून घ्या. याच नादात अरेबियन नाइट्सकडे वळलात तर गौरी देशपांड्यांचं सोळा खंडांचं भाषांतर मात्र मुलांच्या कपाटात ठेवू नका, ते पूर्णपणे मोठ्यांचं आहे, आमच्याकडे एक आजोबा नातवासाठी ते मागायला आले होते.

आणि हो, ड्रॅगन-सिरीज बंद करू नका. अर्थसी चालू असताना मध्येच तिला एखादी नवी पळती सिरीज मिळाली तर वाचू दे. बंदी घातली की नवं पुस्तक शिक्षा वाटायला लागतं.

कोणीतरी तुम्हाला फिलिप पुलमनचं 'नॉर्दर्न लाइट्स' पण सुचवेलच, अस्वलं आहेत, नायिका लायरा अकरा-बारा वर्षांची आहे, मुखपृष्ठ बघून ती लगेच हात पुढे करेल. त्यात मुलांना पळवून नेऊन त्यांच्यापासून त्यांचा डेमन, म्हणजे जिवाचा तुकडाच, कापून काढतात, आणि तसा एक मुलगा लायराला सापडतो ते प्रकरण मोठ्यांना पण जड जातं. ते बाराव्या वर्षापर्यंत ठेवा, आणि त्याआधी तुम्ही वाचून घ्या.